दादासाठी दोन टॅप

माझा दादा डायलिसिसच्या खुर्चीत बसला की आमच्या कॅम्पसचं व्होल्टेज पडायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे दादाचे वार. बाकीच्या वारी येणाऱ्या पेशंटांचं सगळं सुरळीत, आणि दादाच्या वारी दुपारी बाराच्या आसपास पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट धाडकन बंद, थोड्या वेळानं चालू, पुन्हा बंद. डायलिसिसची मशीनं यूपीएसवर होती, ती बंद पडायची नाहीत. पण शुद्ध पाणीच आलं नाही तर ती बिचारी काय करणार? दिवे लावून कोकलत बसायची. चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत गुंडाळलं जायचं आणि अंगातलं उरलेलं पाणी अंगातच घेऊन दादा शिरोळकडच्या एसटीत चढायचा.

आणि या कॅम्पसच्या विजेची जबाबदारी कुणाची? माझी! मेडिकल कॉलेज, हॉस्पिटल, इंजिनिअरिंग कॉलेज, वसतिगृहं, स्टाफ क्वार्टर्स मिळून एक छोटं गावच आहे ते. तेहतीस हजार व्होल्टची लाइन आमच्या सबस्टेशनात येते, तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर तिचे अकरा हजार करतो, तिथून ती कॅम्पसभर फिरते आणि इमारतींजवळचे छोटे ट्रान्सफॉर्मर तिचे वापरायचे दोनशे तीस करतात. हॉस्पिटल सगळ्यांत शेवटी, शेपटाला. इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे, आणि माझ्याच भावाला माझ्याच कॅम्पसात धड चार तास वीज मिळत नव्हती. राग कुणावर काढायचा? मी सगळ्यांवर काढला.

मला राग लवकर येतो, हे घरी-दारी सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तर "इंजिनिअरबाई आल्या, पार्किंग सरळ करा" असं म्हणतात. त्या मे महिन्यात मी हॉस्पिटलच्या वायरमनवर ओरडले, आरओवाल्या टेक्निशियनवर ओरडले. आमच्या मोठ्या साहेबांवर ओरडता येत नाही, म्हणून त्यांच्या केबिनचं दार जरा जोरात लावलं. साहेब म्हणजे कॅम्पसचे मुख्य अभियंता, मुळात सिव्हिलचे. त्यांचं सगळ्यावर एकच औषध. "अहो मॅडम, व्होल्टेज कमी आहे ना? मग वाढवा की! तो टॅप कशाला दिलाय?"

टॅप म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून बाहेर काढलेल्या जोडण्या. कुठल्या जोडणीवर राहायचं ते ठरवलं की पुढं जाणारं व्होल्टेज ठरतं. आमच्या ट्रान्सफॉर्मरला या पायऱ्या चालू विजेवर, लोड न तोडता बदलता येतात. कंट्रोल रूममध्ये एक खटका आहे, वर केला की बाहेर मोटर घरघरते, टक असा आवाज येतो आणि आकडा एकानं वाढतो. एक पायरी म्हणजे सव्वा टक्का. हे काम आपोआप करणारा रिलेही आहे, पण छपरांवर सोलर आल्यापासून तो दिवसभर वरखाली, वरखाली करत बसायचा. कंटाळून आम्ही तो बंद केला आणि खटका हातानं चालवायला घेतला. माझा हुकूम सरळ होता. दुपारी पाचव्या टॅपवर, आणि सूर्य मावळून सोलर झोपलं की नवव्यावर.

सबस्टेशनचे दिवसपाळीचे ऑपरेटर म्हणजे मामा. सगळा कॅम्पस त्यांना मामाच म्हणतो. दादाच्या वयाचे, दादाच्याच शेजारच्या गावचे. डायलिसिसच्या आधी दादा त्यांच्याकडं जाऊन बसायचा. दादाला चहा चालत नाही, पाणीसुद्धा मोजून. मामा मग स्वतःचा चहाही त्याच्यासमोर पीत नसत. दोघं आपले म्हशींच्या गप्पा मारत बसायचे.

अशा तुटक्या डायलिसिसचे दोन आठवडे झाले आणि दादाचे पाय सुजले. चप्पल चढेना. रात्री आडवं झोपलं की दम लागायला लागला, म्हणून भिंतीला टेकून बसून राहायचा, असं वहिनीनं फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "असंच अर्धवट होत राहिलं तर फुप्फुसात पाणी साठेल. एकतर व्होल्टेजचं बघा, नाहीतर पेशंटला दुसरीकडं हलवा." दुसरीकडं म्हणजे सांगली. आठवड्यातून तीनदा, अशा अवस्थेत, आणि तिथं आमचं ओळखीचं कुणी नाही.

दादाला मी हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "सांगलीबिंगली काय न्हाय. मी आता येतच न्हाय बघ."

"म्हणजे?"

"अगं, माझाच पायगुण वाईट हाय. मी बसलो की बंद पडतंय. माझ्यासंगट बसणारी ती जयसिंगपूरची म्हातारी, ती बी आता माझ्याकडं बघून तोंड फिरवती. माझ्यापायी तिचं कशाला हाल? आपलं जेवढं हाय तेवढं हाय."

"गप बस! पायगुण म्हणे. ट्रान्सफॉर्मरला पायगुण कळतो का?" मी ओरडले. पण खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. दादा चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो शांतपणे बोलत होता. मी शाळेत असताना याच माणसानं मला दुधाच्या कॅनमध्ये बसवून, म्हणजे दोन कॅनच्या मध्ये सायकलवर बसवून, परीक्षेला पोचवलं होतं. आणि आता तो मला सांगत होता की तो मरायला तयार आहे, कारण व्होल्टेज पडतं. शुक्रवारी एकदा यायचं, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. "शेवटचं," तो म्हणाला.

मग मी लोड फ्लो मांडायला बसले. हे नाव भारी वाटतं, पण काम घरातल्या नळांच्या हिशेबासारखंच. कुठली केबल किती लांब आणि किती जाड, कुठला ट्रान्सफॉर्मर कुठल्या टॅपवर, कुठली इमारत किती वीज ओढते आणि कुठलं छप्पर किती वीज देतं, हे सगळं संगणकात भरायचं. मग तो पुन्हापुन्हा आकडेमोड करतो आणि सगळं एकमेकांशी जुळलं की सांगतो, या ठिकाणी व्होल्टेज इतकं, त्या ठिकाणी तितकं. दोन वर्षांपूर्वीचं आमचं मॉडेल होतंच. त्यात मी मे महिना भरला. वसतिगृहं रिकामी, कारण सुट्ट्या. हॉस्पिटलचे एसी पूर्ण जोरात. सोलर रणरणत्या उन्हात भरपूर.

उत्तर आलं, हॉस्पिटलला दोनशे सोळा व्होल्ट. थोडं कमी, पण चालण्यासारखं. आरओचा रिले दोनशे दहाच्या खाली गेल्यावर तोडतो. म्हणजे संगणकाच्या मते तक्रारच नव्हती. मी त्याच्यावरही ओरडले.

आरओच्या पॅनेलवर बंद पडताना दोनशे पाच दिसतात, असं टेक्निशियननं सांगितलं होतं. मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. दोनशे पाच यायला काय काय घडावं लागेल? हॉस्पिटलचं लोड वाढवून बघितलं. इतकं वाढवावं लागत होतं की आणखी एक हॉस्पिटल बांधावं लागलं असतं. बाहेरून येणारं व्होल्टेज कमी करून बघितलं, तर मग बाकीच्या वारीही प्लांट पडायला हवा होता. वैतागून मी सोलर शून्य केलं. भर दुपारी, सगळं एकदम शून्य. आकडा दोनशेवर घसरला. हे जवळचं होतं, पण बरोबर नव्हतं. मग सहज टॅप दोनानं वर नेला, पाचवरून सात. दोनशे पाच!

मी खुर्चीत मागं टेकले. सोलर शून्य आणि टॅप सात. पण दुपारी टॅप पाचवर असतो, माझा हुकूम आहे. आणि लख्ख उन्हात सोलर शून्य होईलच कसं?

मी सोलर परत चालू केलं आणि टॅप सातवरच ठेवला. आता वसतिगृहांच्या छपरांवरचे आकडे बघितले. आमचं बहुतेक सोलर तिथं आहे, सबस्टेशन आणि हॉस्पिटलच्या मधे, त्याच लाइनवर. खाली वीज खायला पोरं नाहीत, वर सूर्य ओततोय, त्यामुळं तिथलं व्होल्टेज आधीच चढलेलं. पाचव्या टॅपवर काठाच्या आत होतं. सातव्यावर दोनशे त्रेपन्नच्या वर गेलं. दोनशे त्रेपन्न ही सोलरची वीज लाइनवर सोडणाऱ्या इन्व्हर्टरांची मर्यादा. त्याच्या वर गेलं की ते स्वतःहून सुटतात, एकापाठोपाठ एक. छपरावरून येणारा सगळा आधार काही क्षणांत जातो, सगळा भार बाहेरून लांबच्या लाइनवरून ओढला जातो आणि शेपटाला बसलेलं हॉस्पिटल आपटतं. काही मिनिटांनी इन्व्हर्टर परत जोडून घेतात, व्होल्टेज चढतं, परत सुटतात.

म्हणजे व्होल्टेज पडत होतं, कारण कुणीतरी ते वाढवत होतं.

कोण? साहेब? सोमवार-बुधवार-शुक्रवारच का? माझ्या डोक्यात भलभलते संशय आले. कुणीतरी माझ्यावर डूख धरलाय, असंसुद्धा वाटून गेलं. शुक्रवारी दादाला खुर्चीत बसवलं, तिथल्या सिस्टरांना सांगितलं, "आरओच्या पॅनेलपाशी कुणीतरी उभं करा, मी फोन करीन," आणि स्कूटर काढून थेट सबस्टेशन गाठलं.

मामा कंट्रोल रूममध्ये एकटेच होते. मला बघून उठले. "या मॅडम, या. आज इकडं कशा?" मी काही बोलायच्या आत टेबलावरचा त्यांचा मोबाइल वाजला. दोन रिंगा, आणि बंद. मामांनी फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग न राहवल्यासारखे पॅनेलपाशी गेले आणि खटका वर केला. बाहेर मोटर घरघरली, टक. सहा. पुन्हा घरघर, टक. सात.

"मामा!" माझा आवाज इतका चढला की बाहेरचा वॉचमन दारात आला. "हे काय करताय?"

"दादा बसलं, मॅडम." मामा खाली मान घालून म्हणाले. "ते बसलं की मिस्ड कॉल देत्यात. मीच सांगितलं हुतं. त्या येका दिवशी भायेरची लाईनच कमी आलती न्हवं, तवा त्यांचं अर्ध्यावर सोडावं लागलं. मग मी म्हनलं, दादा, तुम्ही बसलासा की नुसती रिंग द्या, मी हिकडं दोन पायऱ्या चढवून ठेवतो. पुन्ना कमी नगं पडाय. उठलासा की उतरवीन."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही चिडतासा की."

मला रडावं की हसावं कळेना. बाकीच्या वारी हा खटका कुणी वर करत नव्हतं, म्हणून त्या वारी सगळं नीट चालत होतं. दादाच्या वारी दादासाठी, जीव लावून, दोन टॅप चढत होते. आणि दादा तिकडं स्वतःच्या पायगुणाला शिव्या घालत होता. मी मामांना सांगायला तोंड उघडलं तोच पॅनेलवरच्या अँपिअर मीटरचा काटा एकदम उडाला. हॉस्पिटलच्या लाइनचा काटा. छपरं सुटली होती.

फोन वाजला. सिस्टर. "मॅडम, आरओ गेला! दोनशे पाच दाखवतंय. मशीनं ओरडायला लागली."

मामांचा हात आपसूक खटक्याकडं गेला. वर. त्यांचं तरी काय चुकलं? व्होल्टेज पडलंय, तर कुठलाही शहाणा माणूस ते वर करणार. मी त्यांचं मनगट धरलं. "खाली, मामा. वर नाही. खाली घ्या."

"मॅडम, डोस्कं फिरलंय का? आधीच पडलंय आन् अजून खाली? तिथं दादा हायत!"

"माझा भाऊ आहे तो! मला ठाऊक आहे कोण आहे तिथं! खाली घ्या!"

मामा हललेच नाहीत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग मीच खटका खाली ओढला. घरघर, टक. सहा. तेवढ्यात माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनवर, सिस्टर बोलत असतानाच, दुसरा कॉल आला. साहेब. "मॅडम, हॉस्पिटलमधून फोन आलाय. ताबडतोब दोन टॅप वाढवा, ऐकलंत? ताबडतोब!"

"सर, मी उतरवतेय."

"काय? तुम्ही शुद्धीवर आहात का?"

मी फोन कापला. आयुष्यात साहेबांचा फोन पहिल्यांदाच कापला. घरघर, टक. पाच. सिस्टर अजून लाइनवर होत्याच. "मॅडम, दोनशेवर आलं! अजून खाली आलं! आम्ही थांबवू का? तुमचे दादा म्हणतायत सुया काढा, जाऊ दे."

"सुया काढू नका. थोडा वेळ द्या. सिस्टर, हात जोडते, थोडा वेळ." संगणकानं सांगितलं होतं की छपरं परत येतील आणि पाचव्या टॅपवर ती काठाच्या आत राहतील. पण संगणकात माणूस खुर्चीत बसलेला नसतो. एखाद्या केबलची लांबी मी चुकीची भरली असली तर? आकाशात ढग आला तर? मी खिडकीतून वर बघितलं. ऊन भाजून काढत होतं. त्या दिवशीइतकं ऊन मला कधी प्यारं वाटलं नाही.

मामा आणि मी त्या काट्यासमोर नुसते उभे. मामा पुटपुटत होते, वाडीच्या दत्ताचं नाव घेत असावेत. मीही घेत होते, मनातल्या मनात, इंजिनिअर असून.

काटा जरासा सरकला. खाली. परत सरकला. एकेक छप्पर परत जोडून घेत होतं, आणि बाहेरून ओढायची वीज कमी होत होती. "दोनशे सहा," सिस्टर म्हणाल्या. "दोनशे नऊ. बारा." मामांनी माझ्याकडं बघितलं. आत्तापर्यंत दर वेळी इथूनच घात व्हायचा, छपरं पूर्ण जोरात आली की परत सुटायची. काटा खाली येत येत थांबला आणि तिथंच राहिला. उडाला नाही. "दोनशे सोळा, मॅडम. आरओ चालू करतायत. चालू झाला. मशीनं गप्प झाली!"

मी मटकन खुर्चीत बसले. माझ्याच लोड फ्लोचा आकडा होता तो, पण मला तो पाठ्यपुस्तकातला वाटला नाही. दादाचा वाटला.

मामा म्हणाले, "म्हंजे मीच करत हुतो म्हणा की हे सगळं. मीच." आणि तोंड पंच्यात झाकून ते धाय मोकलून रडायला लागले. मला वाटलं होतं मी त्यांना फाडून खाईन. त्याऐवजी मी त्यांना समजावलं, म्हणजे प्रयत्न केला. व्होल्टेज कमी झालं की सगळे फोन करतात, मामा. जास्त झालं म्हणून आजवर कुणी फोन केलाय का? म्हणून हात नेहमी वरच जातो. साहेबांचा जातो, माझाही गेला असता.

साहेबांची बोलणी नंतर खाल्ली, तो वेगळाच तमाशा. हॉस्पिटलजवळच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप एका पायरीनं चढवायचं ठरलं. तो चालू विजेवर बदलता येत नाही, म्हणून रविवारी शटडाउन घेऊन केला. जिथं कमी पडतं तिथंच वाढवायचं, अख्ख्या कॅम्पसला नाही. पण हे सगळं पुढचं. त्या शुक्रवारी मी तिथून हललेच नाही. दादाचे चार तास पूर्ण होईस्तोवर मामा आणि मी पॅनेलकडं बघत बसलो. खटक्याला दोघांनीही बोट लावलं नाही.

दुपार कलली तेव्हा मामांचा मोबाइल वाजला. या वेळी मिस्ड कॉल नव्हता, वाजतच राहिला. मामांनी घाबरत उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अरं मामा!" दादाचा आवाज खणखणीत होता, असा आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता. "आज झकास झालं बघ. चारी तास! पाय बी हलकं झालं. मधी जरा गेलतं, पण आलं परत. आज चांगलंच चढवलंस व्हय रं? सोमवारी बी आसंच चढव. येतो मी. आन् त्या आमच्या चिडकीला काय सांगू नगंस."

मामांनी माझ्याकडं बघितलं. समोर पॅनेलवर आकडा पाच होता. मी तोंडावर हात दाबून धरला आणि 'हो म्हणा' अशी मान हलवली.

"व्हय दादा," मामा म्हणाले. "चढवलंय. सोमवारी बी चढवतो."